सेलच्या कडेला 75 टक्के की 90? शॅडोइंगसाठी फेड मार्जिन कसं ठरवायचं

भारतातल्या दूरसंचार परवान्यांच्या रोलआउट अटींमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं येत आलं आहे. एखादं जिल्ह्याचं ठिकाण किंवा शहर ‘कव्हर’ झालं असं कधी म्हणायचं? तर पालिकेच्या हद्दीतल्या किमान 90 टक्के क्षेत्रात ठरलेला सिग्नल मिळाला, तर. प्लॅनिंग करणारा नवा इंजिनिअर हे वाक्य वाचतो, 90 हा आकडा उचलतो आणि लिंक बजेटच्या, म्हणजे सिग्नलच्या जमाखर्चाच्या, तक्त्यात ‘सेल एज प्रोबॅबिलिटी’ या रकान्यात टाकतो. हा रकाना असतो एका टॉवरच्या क्षेत्राच्या, म्हणजे सेलच्या, कडेवर सिग्नल मिळण्याच्या शक्यतेचा. तक्ता निमूटपणे उत्तर देतो आणि शहरासाठी लागणाऱ्या टॉवरची संख्या जवळपास दुप्पट होते.

अट होती क्षेत्राची आणि आकडा गेला कडेच्या रकान्यात. या दोन गोष्टींमध्ये नेमका काय फरक आहे, एकीवरून दुसरी कशी काढायची आणि त्यासाठी किती डीबी राखून ठेवायचे, हे या लेखात एका उदाहरणातून पाहू.

आधी शॅडोइंग म्हणजे काय ते. टॉवरपासून दूर जाल तसा सिग्नल कमी होतो. ही घट किती हे सांगणारी मॉडेलं आहेत. त्यातलं सर्वांत रुळलेलं म्हणजे ओकुमुरा-हाटा. ओकुमुरा आणि सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात घेतलेली मोजमापं 1968 मध्ये प्रसिद्ध झाली आणि हाटा यांनी 1980 मध्ये त्या आलेखांना साध्या सूत्राचं रूप दिलं. पण असं मॉडेल फक्त मधला आकडा सांगतं. टॉवरपासून बरोबर दीड किलोमीटरवर एक वर्तुळ काढलं आणि त्यावरून चालत गेलात, तर अंतर तेच राहूनही सिग्नल सारखा वरखाली होत राहतो. एका ठिकाणी मध्ये सहा मजली इमारत येते, दुसऱ्या ठिकाणी समोर मोकळं मैदान असतं, तिसरीकडे टेकडीचा उतार येतो. अडथळ्यांच्या सावलीमुळे होणारा हा चढउतार म्हणजे शॅडोइंग.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. हातातला फोन वीतभर इकडेतिकडे केला तरी सिग्नल झपकन पडतो आणि परत येतो. तो जलद फेडिंगचा प्रकार आहे आणि त्याचा हिशोब साधारणपणे रिसीव्हरच्या गरजेच्या आकड्यातच धरलेला असतो. आपण बोलतोय ते त्याहून संथ चढउताराबद्दल, ज्यात एक इमारत ओलांडायला पंधरा-वीस पावलं लागतात.

या संथ चढउतारांची मोजमापं डीबीमध्ये मांडली की त्यांचा आलेख बऱ्यापैकी घंटेच्या आकाराचा येतो, म्हणजे प्रसामान्य वितरण. म्हणूनच याला लॉग-नॉर्मल शॅडोइंग म्हणतात. मॉडेलनं सांगितलेला आकडा मध्यभागी असतो आणि त्याभोवतीचा पसारा किती, हे प्रमाण विचलन सांगतं. त्याला आपण सिग्मा म्हणू. शहरी भागात मोठ्या टॉवरसाठी 8 डीबी हा सिग्मा सर्रास वापरला जातो. 8 डीबी म्हणजे ताकदीत सहापटीहून जास्त फरक. एकाच अंतरावरच्या दोन गल्ल्यांमध्ये एवढा फरक असणं अगदी नेहमीचं आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. समजा फोन आणि टॉवर यांच्यात जास्तीत जास्त 140 डीबी घट चालते आणि मॉडेल म्हणतं की 2.43 किलोमीटरवर घट बरोबर 140 डीबी होते. तर सेलची त्रिज्या 2.43 किलोमीटर मानायची का? तशी मानली तर त्या वर्तुळावरच्या निम्म्या ठिकाणी घट 140 पेक्षा जास्त असेल, कारण मॉडेलचा आकडा हा मधला आकडा आहे. कडेवर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला सिग्नल नाही. हे टाळायचं तर आपण स्वतःला 140 डीबी वापरूच द्यायचे नाहीत, काही डीबी बाजूला काढून ठेवायचे. बाजूला काढलेले हे डीबी म्हणजेच फेड मार्जिन.

किती काढायचे हे घंटेचा आलेख सांगतो. कडेवरच्या 75 टक्के ठिकाणी सिग्नल हवा असेल तर सिग्माच्या 0.67 पट, 90 टक्के हवा असेल तर 1.28 पट आणि 95 टक्के हवा असेल तर 1.64 पट. सिग्मा 8 धरला तर हे अनुक्रमे 5.4, 10.3 आणि 13.2 डीबी होतात. कडेवरचा हिशोब इथेच संपतो. सिग्माला कोष्टकातल्या एका आकड्यानं गुणायचं, बस्स.

पण शहर कडेवर राहत नाही, कडेच्या आत राहतं. वर्तुळाच्या कडेला 75 टक्के शक्यता असेल, तर आत सरकताना ती वाढत जाते, कारण अंतर कमी झालं की घटही कमी होते आणि तेवढे डीबी आपोआप मार्जिनमध्ये जमा होतात. हे किती वेगानं होतं ते पाहा. टॉवरची उंची 30 मीटर असेल तर हाटा मॉडेलमध्ये अंतर दहापट झालं की घट 35.2 डीबीनं वाढते. वर्तुळाचं निम्मं क्षेत्रफळ त्रिज्येच्या 0.71 पट अंतराच्या आत असतं आणि उरलेलं निम्मं त्याच्या बाहेरच्या कड्यात. त्या 0.71 च्या रेषेवर घट कडेपेक्षा 5.3 डीबीनं कमी असते. म्हणजे तिथलं मार्जिन 5.4 अधिक 5.3, एकूण 10.7 डीबी झालं आणि शक्यता 91 टक्क्यांवर गेली. त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर तर ती 97 टक्क्यांच्याही वर जाते. थोडक्यात, कडेला 75 टक्के ठेवूनही सेलच्या आतल्या निम्म्या क्षेत्रात शक्यता कुठेही 91 टक्क्यांच्या खाली जात नाही.

अशी प्रत्येक अंतरावरची शक्यता त्या-त्या कड्याच्या क्षेत्रफळानं गुणून बेरीज केली की संपूर्ण सेलचं क्षेत्र-कव्हरेज मिळतं. ही बेरीज एका बंद सूत्रात बसवता येते. सत्तरच्या दशकातच ते मांडलं गेलं आणि आजही बहुतेक लिंक बजेट तक्त्यांच्या पोटात तेच असतं. हातानं करायला किचकट आहे, पण चार ओळींच्या प्रोग्रामला सहज जमतं:

```python
from math import erf, exp, log10, e, sqrt

def area_cov(M, sigma, n):
    a = M / (sigma * sqrt(2))
    b = 10 * n * log10(e) / (sigma * sqrt(2))
    t = exp((2*a*b + 1) / b**2)
    return 0.5 * (1 + erf(a) + t * (1 - erf((a*b + 1) / b)))
```

यात `M` म्हणजे मार्जिन, `sigma` म्हणजे सिग्मा आणि `n` म्हणजे घटीचा घातांक. अंतर दहापट झाल्यावर होणारी घट भागिले दहा केली की `n` मिळतो. आपल्या उदाहरणात 3.52. `area_cov(5.4, 8, 3.52)` चालवलं की उत्तर येतं 0.90. म्हणजे कडेवर 75 टक्के ठेवले की क्षेत्रात 90 टक्के होतात. परवान्याची अट पूर्ण करायला एवढंच पुरतं. उलट कडेवरच 90 टक्के मागितले, तर क्षेत्र-कव्हरेज 96.6 टक्क्यांवर जातं. मार्जिन शून्य ठेवलं तरी क्षेत्रात 75 टक्क्यांहून थोडं जास्तच मिळतं, हेही पाहण्यासारखं आहे.

या सूत्रात सेल गोल धरली आहे, टॉवर मधोमध आणि अँटेना सगळ्या दिशांना सारखी. खऱ्या तीन सेक्टरच्या साइटवर आकडे थोडे हलतात, पण मार्जिन निवडण्याच्या टप्प्यावर या फरकाची चिंता करण्याचं कारण नाही.

आता शहर घेऊ. पालिकेची हद्द 40 चौरस किलोमीटर, मध्यम आकाराचं, बरंचसं सपाट. बँड 900 मेगाहर्ट्झ, टॉवर 30 मीटर, फोन दीड मीटरवर. हाटाचं सूत्र या आकड्यांना घटवलं की उरतं एवढंच: घट = 126.4 + 35.2 × log(किलोमीटर). फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेत चालू शकणारी कमाल घट 140 डीबी धरली आहे. शरीरामुळे होणारी घट, शेजारच्या सेलचा व्यत्यय वगैरे सगळं त्यात आधीच वजा केलेलं आहे. सध्या फक्त रस्त्यावरचं कव्हरेज पाहू. साइटचं क्षेत्रफळ षटकोनी धरून त्रिज्येच्या वर्गाच्या 2.6 पट घेऊ.

मार्जिन 5.4 डीबी घेतलं की मॉडेलसाठी 134.6 डीबी उरतात. त्रिज्या येते 1.71 किलोमीटर आणि एका साइटचं क्षेत्र 7.6 चौरस किलोमीटर. शहराला सहा साइट लागतात.

त्याच शहरासाठी कडेवर 90 टक्के मागितले तर मार्जिन 10.3 होतं, त्रिज्या 1.24 किलोमीटरवर येते, एका साइटचं क्षेत्र सुमारे 4 चौरस किलोमीटर उरतं आणि साइट लागतात दहा. फरक चार टॉवरचा. प्रत्येक टॉवरसोबत जागेचं भाडं, वीज, बॅटरी, फायबर हे सगळं येतं आणि ते दरमहा येतं.

कंपनीनं स्वतःहून अटीपेक्षा चांगलं, म्हणजे क्षेत्रात 95 टक्के द्यायचं ठरवलं तर? मग मार्जिन 8.7 डीबी लागतं, कडेवरची शक्यता 86 टक्के होते आणि साइट नऊ लागतात. हा निर्णय अगदी योग्य असू शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो निर्णय म्हणून घ्यावा, रकाना चुकल्यामुळे होऊ नये. म्हणून तक्ता उघडण्याआधी लक्ष्य देणाऱ्याला विचारावं: हे टक्के कडेवरचे की क्षेत्रातले? आणि उत्तर लेखी घ्यावं, कारण सहा महिन्यांनी ड्राइव्ह टेस्टचा, म्हणजे गाडीतून फिरून केलेल्या सिग्नलच्या मोजणीचा, अहवाल येतो तेव्हा याच वाक्यावर वाद होतो.

आतापर्यंत सिग्मा 8 आहे असं आपण मानून चाललो. तो येतो कुठून? पुस्तकातून घेता येतो, पण त्याच भागात मोजून घेतला तर जास्त भरवशाचा. पद्धत अशी: तात्पुरता ट्रान्समीटर टॉवरच्या उंचीवर लावायचा, गाडीत रिसीव्हर आणि जीपीएस ठेवायचं, आणि जवळच्या, दूरच्या, रुंद, अरुंद अशा सगळ्या प्रकारच्या रस्त्यांवरून फिरायचं. कच्ची मोजमापं तशीच वापरायची नाहीत, कारण त्यात जलद फेडिंग मिसळलेलं असतं. विल्यम ली यांनी घालून दिलेल्या निकषाप्रमाणे सुमारे 40 तरंगलांबींच्या पट्ट्यात निदान 36 ते 50 मोजमापं घेऊन त्यांची सरासरी काढायची. 900 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 33 सेंटिमीटर, म्हणजे हा पट्टा साधारण 13 मीटरचा होतो. अशा प्रत्येक पट्ट्याच्या सरासरीतून मॉडेलचं भाकीत वजा केलं की जे शिल्लक राहतं, त्याची सरासरी म्हणजे मॉडेलची चूक आणि त्याचं प्रमाण विचलन म्हणजे सिग्मा.

पट्टा फार छोटा घेतला तर जलद फेडिंग पूर्ण पुसलं जात नाही आणि सिग्मा उगाच फुगतो. फार मोठा घेतला तर शॅडोइंगचीही सरासरी होऊन जाते आणि सिग्मा खोटा लहान दिसतो. मोजलेला सिग्मा 4 डीबी आला तर खूश होण्याआधी पट्ट्याची लांबी तपासावी.

शिवाय हा सिग्मा त्या मॉडेलसोबतच खरा असतो. ज्या मॉडेलला इमारतींची उंची माहीत आहे, त्याचा सिग्मा कमी येतो, कारण चढउताराचा काही भाग त्यानं आधीच ओळखलेला असतो. एका मॉडेलसाठी काढलेला सिग्मा दुसऱ्या मॉडेलच्या भाकितावर लावणं चूक आहे, आणि हे घडताना दिसतंही, कारण सिग्मा हा आकडा शहराचा गुणधर्म आहे असंच अनेकांना वाटत असतं.

सिग्मा चुकला तर नुकसान किती? आपल्या शहरात 8 धरून 5.4 डीबी मार्जिन ठेवलं आणि खरा सिग्मा 10 निघाला, तर कडेवर 75 ऐवजी 71 टक्के आणि क्षेत्रात 90 ऐवजी 86 टक्के मिळतील. आता दुसरी चूक घ्या. सिग्मा बरोबर 8 आहे, पण मॉडेलची सरासरीच 3 डीबीनं आशावादी आहे, म्हणजे खरी घट प्रत्येक ठिकाणी भाकितापेक्षा 3 डीबी जास्त आहे. मग मार्जिन प्रत्यक्षात 2.4 च उरतं. कडेवर 62 टक्के, क्षेत्रात 83. सरासरीतली चूक सिग्मातल्या चुकीपेक्षा जास्त महागात पडते. मला दिसतं ते असं की सिग्मा 7 घ्यायचा की 8 यावर तासभर चर्चा होते आणि मॉडेलची सरासरी त्या शहराशी जुळवून घेतली आहे का, हे कुणी विचारत नाही. प्रश्न आधी सरासरीचा सुटायला हवा. मार्जिन ही पसाऱ्याची सोय आहे, चुकलेल्या मॉडेलवरचं पांघरूण नव्हे.

घराच्या आत कव्हरेज द्यायचं ठरलं की आणखी एक पसारा जोडला जातो. भिंतींमुळे होणारी घट सगळ्या घरांत सारखी नसते. समजा ती सरासरी 15 डीबी आहे आणि तिचा स्वतःचा सिग्मा 6 डीबी. दोन सिग्मांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: 64 अधिक 36 म्हणजे 100, एकूण सिग्मा 10. इथे जुनी सवय दगा देते. सिग्मा 10 असताना कडेवर 75 टक्के ठेवले, म्हणजे 6.7 डीबी मार्जिन घेतलं, तर क्षेत्रात 90 मिळत नाहीत, 88.5 मिळतात. 90 साठी सुमारे 7.7 डीबी लागतात आणि कडेची शक्यता 78 टक्क्यांच्या जवळ जाते. ‘कडेवर 75 म्हणजे क्षेत्रात 90’ ही जोडी सिग्मा 8 आणि घातांक 3.5 च्या आसपासच खरी आहे. सिग्मा वाढला किंवा घातांक कमी झाला की ती मोडते. म्हणून जोडी पाठ करण्यापेक्षा वरचं सूत्र दरवेळी चालवलेलं बरं.

140 मधून 15 आणि 7.7 वजा केले तर 117.3 डीबी उरतात आणि आपलं सूत्र त्रिज्या देतं सुमारे 550 मीटर. या उत्तरावर मी भरवसा ठेवणार नाही. हाटाचं सूत्र 1 ते 20 किलोमीटर अंतरासाठी बनवलेलं आहे. एक किलोमीटरच्या आत ते वापरलं तर आकडा येतो, पण त्यामागे मोजमापांचा आधार नसतो. घरातल्या कव्हरेजचं प्लॅनिंग करायचं तर कमी अंतरासाठी बनवलेलं, त्या शहरात जुळवून घेतलेलं मॉडेल हवं आणि सिग्माही त्याच मॉडेलचा.

आतापर्यंत एकच टॉवर आहे असं समजून हिशोब केला. प्रत्यक्षात दोन सेलच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्या टॉवरचाही सिग्नल जवळपास तेवढाच मिळत असतो. एका टॉवरच्या दिशेला इमारत आडवी आली तरी दुसऱ्या दिशेला ती असेलच असं नाही. दोन्ही सिग्नल एकाच वेळी पडण्याची शक्यता एकटा सिग्नल पडण्यापेक्षा कमी असते. अर्थात ते पूर्ण स्वतंत्रही नसतात. फोन खड्ड्यात किंवा अरुंद बोळात असेल तर दोन्ही दिशा सारख्याच झाकल्या जातात. साधारणपणे निम्मा चढउतार सामाईक आणि निम्मा स्वतंत्र असं धरतात.

व्हिटर्बी आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानाच्या संदर्भात याचा हिशोब मांडला. सिग्मा 8, कडेवर 90 टक्के आणि दोन टॉवरपैकी क्षणोक्षणी जो चांगला तो वापरता येत असेल, तर 10.3 ऐवजी 6.2 डीबी मार्जिन पुरतं. चार डीबींची बचत, म्हणजे आपल्या घातांकाला एका साइटचं क्षेत्र सुमारे 1.7 पट. लिंक बजेटमध्ये ‘हँडओव्हर गेन’ नावाची ओळ दिसते ती याचीच. एलटीईमध्ये, म्हणजे 4जी मध्ये, सॉफ्ट हँडओव्हर नाही, म्हणजे एकाच वेळी दोन टॉवरशी जोडलेलं राहण्याची सोय नाही. तिथे फोन एका वेळी एकाच सेलवर असतो आणि दुसरी सेल ठरावीक डीबींनी चांगली झाल्यावर, तीही काही वेळ तशी टिकल्यावर, बदल होतो. त्यामुळे ही बचत पूर्ण चारची मिळत नाही, काही भागच मिळतो. आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळावी: शहराच्या बाहेरच्या हद्दीवर, जिथे पलीकडे दुसरा टॉवरच नाही, तिथे ही ओळ शून्य ठेवावी. महामार्गावरच्या एकट्या साइटला हँडओव्हर गेन देऊन काढलेली त्रिज्या खरी नसते.

सर्वांत जास्त आढळणारी गडबड मात्र गणिताची नसून कारकुनीची असते: मार्जिन दोनदा मोजलं जातं. एकानं लिंक बजेटमध्ये 5.4 डीबी वजा करून नकाशासाठी सिग्नलची पातळी वर उचलून दिली. दुसऱ्यानं तीच पातळी प्लॅनिंग टूलमध्ये घातली आणि टूलच्या सेटिंगमध्येही कडेवरची शक्यता 75 टक्के निवडली. टूल स्वतःहून आणखी 5.4 वजा करतं. आपल्या शहरात असं झालं तर त्रिज्या 1.71 ऐवजी 1.20 किलोमीटर येते आणि सहाच्या जागी अकरा साइट लागतात. नकाशावर काहीच चुकीचं दिसत नाही, उलट कव्हरेज फार सुंदर दिसतं. ओळखायचं कसं? एकाच साइटसाठी टूलची कडेवरची त्रिज्या आणि हातानं काढलेली त्रिज्या शेजारी ठेवायची. त्या जवळपास जुळायला हव्यात. साइट उभ्या राहून गेल्या असतील तर ड्राइव्ह टेस्टमध्ये दिसतं: ठरवलेल्या कडेवर 75 टक्के अपेक्षित असताना 91 टक्के ठिकाणं पातळीच्या वर सापडतात.

आणि ड्राइव्ह टेस्टबद्दल बोलायचं तर कडेवरची शक्यता तपासायला संपूर्ण शहराची टक्केवारी उपयोगी नाही. 1.6 ते 1.7 किलोमीटरच्या कड्यात येणारे 13 मीटरचे पट्टे वेगळे काढायचे आणि त्यातले किती पातळीच्या वर आहेत ते मोजायचं. मुख्य रस्त्यांवरच गाडी फिरली असेल तर आकडा खोटा चांगला येतो, कारण रुंद रस्त्यावर इमारतींची सावली कमी पडते. म्हणून गल्ल्यांचा वाटा आधीच ठरवून घ्यावा.

पट्ट्यांच्या संख्येनंही फसू नये. लागोपाठचे पट्टे एकाच इमारतीच्या सावलीत असतात, त्यामुळे ते वेगवेगळी मोजमापं म्हणून धरता येत नाहीत. शॅडोइंग किती अंतरानंतर बदलतं हे जागेवर अवलंबून असतं. दाट वस्तीत काही मीटर, मोकळ्या उपनगरात काही शे मीटरही. आपल्या शहरात ते 50 मीटर धरलं, तर चार पट्ट्यांमधून एकच खरं मोजमाप मिळतं. कड्यात 800 पट्टे मिळाले असतील तर ते 200 मोजमापांच्या तोडीचे. 200 मधून 75 टक्के आले तर त्यातली अनिश्चितता वरखाली सहा टक्क्यांची असते. म्हणजे अहवालात 71 टक्के आले म्हणून लगेच सातवी साइट मागायची गरज नाही. 65 आले, तर मात्र आधी मॉडेलची सरासरी उघडून पाहावी आणि मग सिग्मा.